पोतं जड का दिसत नाही? शॉट 14 वरच्या नोट्स आणि तपासणीचा क्रम

बारा वर्षांत ज्युनिअरांच्या शॉटवर मी सगळ्यात जास्त वेळा लिहिलेली नोट म्हणजे "वजन नाही". कधी घागर, कधी बैलगाडीची जू, कधी नुसतीच खुर्चीत बसणारी आजी. वस्तू बदलते, दुखणं तेच. सांगलीतल्या आमच्या छोट्या स्टुडिओत परवा ते पुन्हा आलं. शॉट दिसायला साधा होता: मार्केट यार्डात हमाल जमिनीवरचं हळदीचं पोतं उचलतो, उजव्या खांद्यावर घेतो, चार पावलं टाकतो आणि थप्पीच्या शेजारी पोतं सोडतो. सहा सेकंद, 24 च्या रेटने 144 फ्रेम. पोतं 50 किलोचं.

तिसरं व्हर्जन परत आलं तेव्हा मी ज्युनिअरसोबत बसून क्रमाने तपासणी केली आणि प्रत्येक टप्प्यावर तिला लेखी नोट दिली. त्या नोट्स तिला विचारून इथे टाकतोय. काम ब्लेंडरमध्ये आहे. तुम्ही मायात करत असाल तर मेनूची नावं बदलतील, क्रम हाच राहील.

लक्षणं

पोत्यात कापूस भरलाय असं वाटतं. हे सगळ्यात नेहमीचं.

हलकं वाटतं म्हणून फ्रेम वाढवल्या, की माणूस पाण्याखाली काम करतोय असं दिसतं, आणि पोतं तरी हलकंच राहतं. हे दुसरं लक्षण पहिल्यावरच्या चुकीच्या औषधाने होतं. आमच्या शॉटमध्ये नेमकं हेच झालं होतं. पहिल्या व्हर्जनमध्ये उचलण्याला 16 फ्रेम होत्या, "हलकं" अशी नोट आली. तिने 16 च्या 36 केल्या, पुन्हा "हलकं" आलं.

पोतं खाली पडताना लिफ्टसारखं टेकतं, किंवा उलट, कुणीतरी फेकून मारल्यासारखं पडतं.

तुमच्या मशीनवर शॉट बरा वाटतो आणि रिव्ह्यूला लावला की वेगळाच दिसतो.

आणि शेवटचं, ज्याला लोक वजनाचा दोष समजतात पण तो वजनाचा नसतो: बघणारा म्हणतो "काहीतरी खटकतंय", पण कुठे ते त्याला सांगता येत नाही. बहुतेक वेळा पोझच वाचता येत नसते. डोळा पोतं आणि माणूस वेगळे करण्यात गुंततो, मग वजन काय जाणवणार?

आधी बघा: तुम्ही खऱ्या वेगात बघताय का

याला दोन मिनिटं लागतात आणि फाइलमधलं काहीही बदलावं लागत नाही, म्हणून हे पहिलं. ब्लेंडरमध्ये शॉट चालवला की व्ह्यूपोर्टच्या डाव्या कोपऱ्यात वर `fps` चा आकडा दिसतो. मशीन मागे पडत असेल तर तो लाल होतो. तिच्या मशीनवर तो लाल होता आणि 13 च्या आसपास नाचत होता. मागे सगळा यार्ड, थप्प्या, दोनशे पोती, टेम्पो, सगळं चालू ठेवून ती ॲनिमेट करत होती.

आता हिशेब करा. 36 फ्रेम 24 च्या रेटने दीड सेकंदात संपतात. 13 च्या रेटने त्यालाच पावणेतीन सेकंद लागतात. म्हणजे तिला स्क्रीनवर जे पोतं कष्टाने वर येताना दिसत होतं ते रिव्ह्यूत जवळजवळ दुप्पट वेगाने वर येत होतं. तिचा डोळा चुकला नव्हता, मशीन तिला दुसराच शॉट दाखवत होतं.

> तुझी पहिली नोट शॉटबद्दल नाही. मागचा सेट लपव, फक्त हमाल, पोतं आणि जमीन ठेव. तरी आकडा लाल असेल तर चालवून बघू नकोस; `View > Viewport Render Animation` ने व्हिडिओ काढ आणि तो बघ. टायमिंगचा एकही निर्णय व्ह्यूपोर्टवर घेऊ नकोस. आणि `Output` मधला फ्रेम रेट 24 आहे ना तेही बघून घे.

प्लेबॅकच्या पर्यायात `Frame Dropping` लावलं तर वेग खरा राहतो पण मधल्या फ्रेम गळतात. टायमिंग बघायला ते चालेल. स्पेसिंग बघायला चालणार नाही, कारण जी फ्रेम गळाली तीच कदाचित बिघडलेली असते.

माझ्या अनुभवात "माझ्याकडे बरं दिसत होतं" ही तक्रार बहुतेक वेळा इथेच संपते. आमची संपली नाही, पण निदान दोघं एकच शॉट बघायला लागलो.

काळी सावली

पाच मिनिटांचं काम. सॉलिड मोडमध्ये शेडिंगच्या पर्यायात `Lighting` ला `Flat` निवडा, रंग सगळ्यांना एकच, काळा, आणि पार्श्वभूमी पांढरी. मग ती खिडकी तळहाताएवढी लहान करा, कारण बघणाऱ्यांपैकी निम्मे मोबाइलवर बघणार आहेत. आता गोष्ट सांगणाऱ्या पोझेसवर थांबत जा. आमच्याकडे त्या चार होत्या: पोत्याला हात घातला, पोतं खांद्यावर आलं, चालताना, आणि सोडलं.

स्पेसिंगच्या आधी हे का? पोझ बदलावी लागली तर तिच्या आधी-नंतरचं सगळं स्पेसिंग वाया जातं. दोन दिवस कर्व्ह घासून मग पोझ फिरवणारे मी बघितलेत. मीही त्यातलाच होतो.

तिच्या शॉटमध्ये पोतं कॅमेऱ्याच्या बाजूच्या खांद्यावर येत होतं. काळ्यात बघितल्यावर माणसाला डोकंच नव्हतं. दोन पायांवर एक उशी चालत होती. तिने लगेच पोतं पलीकडच्या खांद्यावर नेलं आणि मला बोलावलं, "दादा, झालं." रंगीत चित्रात खरंच चेहरा दिसत होता. काळं केलं, पुन्हा उशी.

ही चूक इतक्या जणांकडून होते की जरा थांबून सांगतो. काळ्या आकाराला पुढचं-मागचं कळत नाही. डोकं पोत्याच्या पुढे असो नाहीतर मागे, कॅमेऱ्यातून दोन्ही एकावर एक पडत असतील तर एकच डाग होणार. त्यामुळे खांदा बदलणं हा उपाय अर्धाच आहे. डोक्याचा काहीतरी भाग पोत्याच्या कडेबाहेर यावाच लागतो.

> खांद्याची बाजू पूर्वीचीच, उजवी, ठेव. स्टोरीबोर्डमध्ये तीच आहे आणि पुढच्या शॉटला जुळते. त्याऐवजी हमालाला कॅमेऱ्याकडे साधारण 30 अंश वळव. पोतं खांद्याच्या मागच्या अंगाला सरकव, मान पुढे आणि डावीकडे काढ. टोपीचं टोक, नाक आणि हनुवटी पोत्याच्या कडेबाहेर दिसली पाहिजेत. उजव्या हाताने पोत्याचा कान धरलाय, ते कोपर पोत्याला चिकटवू नकोस, पुढे काढ, म्हणजे दंड, हात आणि पोतं यांच्यात उजेडाचा त्रिकोण पडेल. दोन गुडघ्यांमध्येही फट हवी. फ्रेम 118 ला हात पोटासमोर हरवलाय, तो बाहेर आण.

मान अशी पुढे काढली तेव्हा न मागता एक फायदा झाला. खांद्यावर बोजा असलेला माणूस मान तशीच धरतो. सावली सुधारली आणि वजनही थोडं आलं.

मर्यादाही सांगून ठेवतो. प्रत्येक फ्रेम काळ्यात वाचता आलीच पाहिजे असं नाही. एका पोझमधून दुसरीत जाताना दोन-चार फ्रेम आकार एकमेकांत मिसळले तरी डोळा ते सोडून देतो. आणि अभिनय चेहऱ्यावर असेल, जवळचा कॅमेरा असेल, तर ही तपासणी फारशी उपयोगाची नाही.

ओळंबा

हेही स्थिर चित्रावरच. गवंडी भिंत ओळंब्यात आहे का बघतो तसं माणूस बघायचा. मी अक्षरशः दोऱ्याला रबर बांधून मॉनिटरसमोर धरतो. पोरं हसतात, पण पद्धत चुकत नाही.

माणूस 60 किलोचा धरा आणि पोतं 50 चं. पोत्याचा मध्य माणसाच्या मध्यापासून 40 सेंटिमीटर पुढे असेल, म्हणजे दोन्ही हातांनी समोर धरलं असेल, तर दोघांचा मिळून मध्य कुठे येतो? 40 ला 50 ने गुणा आणि 110 ने भागा: 18 सेंटिमीटर पुढे. माणसाचं पाऊल साधारण 25 सेंटिमीटर लांब. त्याचा स्वतःचा मध्य पावलाच्या मधोमध असेल तर पुढे बोटांपर्यंत 12 ते 13 सेंटिमीटरच उरतात. म्हणजे 18 वर तो तोंडावर पडला.

तिच्या फ्रेम 45 ला हमाल ताठ उभा होता आणि पोतं छातीसमोर, हात जवळजवळ लांब. प्रेक्षक भागाकार करत नाही, पण त्याने आयुष्यभर बादल्या उचलल्यात. असा माणूस पडायला हवा हे त्याला कळतं. तो पडत नाही, मग पोतं रिकामं असणार, हा निष्कर्ष त्याचं मन आपोआप काढतं. पोझ अशी असेल तर पुढे स्पेसिंगमध्ये काहीही करा, पोतं रिकामंच राहणार.

> पोतं पोटाला चिकटव, पाठ मागे घे, गुडघे वाक. दोरा धर: पोतं आणि माणूस मिळून जो मध्य होतो तो पावलाच्या आत आला पाहिजे. खांद्यावर आल्यावर हाच हिशेब आडवा कर. पोतं उजवीकडे आहे, म्हणून डोकं आणि कंबर डावीकडे. आत्ता कंबर मध्ये सरळ आहे.

पाऊल उचलतानाचा नियमही यातच बसतो: जो पाय उचलायचा त्याच्यावरचा भार आधी दुसऱ्या पायावर जायला हवा. कंबर टेकलेल्या पावलाच्या वर पोचण्याआधी दुसरं पाऊल सुटलं तर बोजा खोटा वाटतो. तिच्या चारही पावलांत पाय आणि कंबर एकाच फ्रेमला निघत होते.

पोतं हलायच्या आधी काय होतं

इथून काम महाग होतं, कारण आता कीज सरकवाव्या लागतात.

याआधी तिला मी एका सकाळी यार्डात पाठवलं. हमालांना विचारून व्हिडिओ घे, म्हटलं. तिथे एका वयस्कर हमालमामांनी तिचा शॉट मोबाइलवर बघितला आणि म्हणाले, "पोरी, हा हातानं उचलतोय की गं. पोतं हातानं उचलायचं नसतंय, अंगावर घ्यायचं असतंय." माझ्या तीन आठवड्यांच्या नोट्सपेक्षा ते एक वाक्य भारी होतं, हे मान्य करायला हरकत नाही.

व्हिडिओत काय दिसलं? मामा पोत्याजवळ जातात, पाय फाकवून रोवतात. कान धरतात आणि एकदा पोतं जागच्या जागी डुलवतात, म्हणजे हाताला अंदाज येतो. मग कंबर खाली जाते, हात ताणले जातात, गोणपाट वर ओढलं जातं, पण बूड अजून जमिनीवरच. या सगळ्या वेळात पोतं जागेवरून हललेलंच नाही. मग एका हिसक्यात ते मांडीवर येतं. तिथे टेकतं. मामा पकड बदलतात, श्वास घेतात. दुसऱ्या हिसक्यात खांदा पोत्याखाली जातो. खांद्यावर आलं की गुडघे दबतात, आणि मग पाय सावकाश सरळ होतात.

तिच्या शॉटमध्ये फ्रेम 24 ला हात, कंबर, पाठ आणि पोतं एकदम निघत होते आणि फ्रेम 60 ला एकदम थांबत होते. 36 फ्रेम सलग एकसारखी हालचाल. पोतं जड असतं तर शरीराला आधी ताण घ्यावा लागला असता. शरीर आणि पोतं एकदम निघालं, म्हणजे पोत्याने अडवलंच नाही.

> फ्रेम 24 ते 60 ची पोत्याची सगळी की काढून टाक. नवी वाटणी:
> 24 ते 34: कंबर खाली, हात ताण, कान वर ओढले जातात. पोत्याचं बूड हलायचं नाही. आधी कंबर, तीन फ्रेमनी खांदे, मग हात.
> 34 ते 42: जमिनीवरून मांडीवर.
> 42 ते 50: मांडीवर टेकलंय. पकड बदल. पोतं इथे जवळजवळ स्थिर.
> 50 ते 59: मांडीवरून खांद्यावर. खांदा पोत्याखाली जातो. पोतं खांद्यापर्यंत हातांनी चढवू नकोस.
> 59 ते 63: गुडघे दबतात, कंबर पाच-सहा सेंटिमीटर खाली.
> 63 ते 76: पाय सरळ. हे सगळ्यात हळू. शेवटपर्यंत पूर्ण सरळ करू नकोस.

जागा कुठून आणायची? उचलण्याला आधी 36 फ्रेम होत्या, आता 52 लागतात, आणि शॉटची लांबी एडिटरने बांधून दिलेली. चारपैकी दोन पावलं उडवली. 76 ते 112 मध्ये दोनच पावलं, प्रत्येकी 18 फ्रेम, आखूड आणि जमिनीलगत. दिग्दर्शकाला विचारूनच, पण तो लगेच हो म्हणाला, कारण शॉट चालण्याचा नव्हता.

रेफरन्सबद्दल एक सूचना. स्वतः 50 किलोचं पोतं उचलून बघू नका, पाठ धरेल. रिकामी पेटी घेऊन जड असल्याचा अभिनय तर अजिबात करू नका. तो खोटाच येतो आणि तोच खोटेपणा शॉटमध्ये उतरतो. पाण्याचा 20 लिटरचा भरलेला जार उचला. पाण्याचंच वजन 20 किलो आहे. मांडीवर टेकवणं, गुडघे दबणं, मान काढणं, सगळं त्यात मिळतं.

पडणं: मणी मोजून

जड वस्तू लवकर पडते ही समजूत ज्युनिअरांच्या शॉटमध्ये हमखास असते. तिने पोतं खांद्यावरून जमिनीवर 7 फ्रेममध्ये आणलं होतं, "जड आहे ना, म्हणून." पण पडायला लागणारा वेळ उंचीवर ठरतो, वजनावर नाही. आमच्या शॉटमध्ये पोत्याचं बूड जमिनीपासून सुमारे 1.2 मीटर वर होतं. तेवढं पडायला अर्धा सेकंद लागतो, म्हणजे 12 फ्रेम. 7 फ्रेममध्ये वस्तू फक्त 42 सेंटिमीटर पडते. म्हणून तिचं पोतं पडत नव्हतं, आपटलं जात होतं. आणि 50 किलो आपटायला ताकद लागते. ज्याने ते सहज आपटलं त्याच्या हातात हलकंच काहीतरी असणार.

12 फ्रेमचे तीन-तीनचे चार भाग करा. अंतरं 1, 3, 5, 7 या प्रमाणात वाढतात. एकूण सोळा हिस्से, म्हणजे एक हिस्सा साडेसात सेंटिमीटर. पहिल्या तीन फ्रेममध्ये पोतं फक्त 7.5 सेंटिमीटर खाली येतं, पुढच्या तीनमध्ये 22.5, मग 37.5, आणि शेवटच्या तीनमध्ये 52.5. म्हणजे निम्म्या वेळात ते 30 सेंटिमीटरच आलेलं असतं आणि उरलेलं 90 दुसऱ्या निम्म्यात. बघायचं कसं? पोत्याचं बोन निवडून `Motion Paths` मध्ये `Calculate` करा. मार्ग माळेतल्या मण्यांसारख्या ठिपक्यांनी दिसतो. वर ठिपके दाट आणि खाली येता येता विरळ, असं हवं. जमिनीजवळ पुन्हा दाट होत असतील तर तुमचं पोतं लिफ्टने येतंय.

ते दाट होण्याचं कारण बहुतेक वेळा तुमचा हात नसतो, ब्लेंडरचं डीफॉल्ट असतं. की टाकली की तिचं हँडल `Auto Clamped` येतं आणि टोकाच्या की वर ते कर्व्ह आडवा करतं. आडवा म्हणजे वेग शून्य. जमिनीला टेकायच्या क्षणी पोतं आपोआप हळू होतं. उचलण्यातही हाच उपद्रव: मधल्या प्रत्येक टोकाला ब्लेंडर मऊ थांबा घालतं आणि शॉट तरंगायला लागतो.

> फ्रेम 118 (सुटलं) आणि 130 (टेकलं), पोत्याच्या उभ्या कर्व्हवर या दोनच की. मध्ये एकही नको. 118 चं हँडल आडवं ठेव. 130 वर `V` दाबून `Vector` कर, मग डावं हँडल हाताने अजून उभं कर. ठिपके मोजून मला स्क्रीनशॉट पाठव.
> 130 नंतरची सहा फ्रेमची उसळी काढ. हळदीचं पोतं उसळत नाही, ते बसतं. बूड 130 ला थांबतं, पण वरचा भाग अजून दोन-तीन फ्रेम खाली येतो, पोट फुगतं, कान एका बाजूला कलंडतो. थोडी पिवळी धूळ.
> आणि माणूस! पोतं सुटल्यावर तो तसाच उभा आहे. इतका वेळ तो 50 किलोच्या विरुद्ध बाजूला झुकला होता. ते गेल्यावर कंबर वर उसळली पाहिजे आणि डावीकडे अर्धं पाऊल जायला हवं.

त्या शेवटच्या नोटमधला बदल तिने दहा मिनिटांत केला, आणि माझ्या मते शॉटमधलं सगळ्यात जास्त वजन तिथून आलं. पोतं अंगावर असताना जे दिसलं नाही ते अंगावरून गेल्यावर दिसलं. तुमच्याकडे वेळ फारच कमी असेल, उद्या सकाळी शॉट द्यायचा असेल, तर ओळंबा आणि हे सुटणं एवढी दोनच कामं करा.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

आता ज्या गोष्टी ॲनिमेटरने ओढत बसू नयेत त्या.

पोतं आधी जमिनीचं असतं, मग हातांचं, मग खांद्याचं. ही मालकी आमच्या रिगमध्ये `Child Of` ने बदलते. फ्रेम 59 ला पोतं एका फ्रेमपुरतं दोन सेंटिमीटर उडत होतं. ज्युनिअर तिथे काउंटर-की टाकून ते दाबत होती, आणि प्रत्येक की नवा झटका देत होती. `Set Inverse` पुन्हा एकदा दाबून बघा, इन्फ्लुअन्सची की `Constant` आहे का बघा. एवढ्याने गेलं नाही तर हात काढा आणि रिगरला बोलवा. मी मर्यादा अर्ध्या तासाची ठेवलीय. फाइलचं व्हर्जन, फ्रेम नंबर आणि बोनचं नाव लिहून द्या. "पोतं उडतंय" एवढंच लिहिलं तर त्याचाही अर्धा तास जातो. आमच्या रिगरने वीस मिनिटांत ते मिटवलं. कारण वेगळंच निघालं, पोत्याच्या कंट्रोलवर जुना स्केल राहिला होता.

हात वर गेल्यावर खांद्याचं मांस आत दबत असेल, किंवा पोतं खांद्यावर वाकायला हवं तिथे लाकडासारखं ताठ राहत असेल, तर तेही रिगरचंच. पोझ वाकडी करून ते लपवू नका, ओळंबा बिघडतो. पाय सरळ होताना गुडघा एका फ्रेमला फटकन पुढे येतो ते मात्र तुमचं: कंबर एक-दोन सेंटिमीटर खाली घ्या, पाय पूर्ण ताणू नका, जातं ते.

काळ्या तपासणीत 30 अंश वळवूनही डोकं बाहेर येत नसेल, तर दोष कॅमेऱ्यात आहे. कॅमेरा स्वतः हलवू नका, शेजारचे शॉट त्याला बांधलेले असतात. काळ्या चित्राचा स्क्रीनशॉट घ्या आणि लेआउटवाल्याकडे किंवा दिग्दर्शकाकडे जा. स्क्रीनशॉटशिवाय गेलात तर चर्चा तासभर चालते.

आणि सगळ्या तपासण्या करूनही दोनदा "हलकं" अशी नोट आली, तर तिसऱ्यांदा कर्व्ह उघडू नका. लीडला शेजारी बसवा, शॉट ब्लॉकिंगला परत न्या, फक्त पोझेस ठेवा आणि दिग्दर्शकाकडून फ्रेम नंबर मागून घ्या. "हलकं वाटतंय" ही नोट नंबराशिवाय स्वीकारायची नाही, हे मी आता मागणाऱ्यालाच सांगतो. आमच्या शॉटवर पहिल्यांदाच फ्रेम नंबर मागितला तेव्हा उत्तर आलं, "118 नंतर." तीन आठवडे आम्ही 24 ते 60 घासत होतो.

पाचवं व्हर्जन पास झालं. त्यात पोतं प्रत्यक्ष हवेतून वर येतं ते 34 ते 42 आणि 50 ते 59, एकूण 17 फ्रेम. पहिल्या, परत आलेल्या व्हर्जनमध्ये 16 होत्या.